ॲप म्हणतं ‘सहा मिनिटं आहेत’, तरी बस बदलताना दुसरी बस चुकते: चूक कुठे होते ते कसं शोधायचं

अडचण अशी आहे. घरी जायला थेट बस नाही, म्हणून एका बसने मोठ्या चौकापर्यंत यायचं आणि तिथे दुसरी पकडायची. ॲप सांगतं की मध्ये सहा मिनिटं मिळतील. तरीही आठवड्यातून दोन-तीनदा दुसरी बस हातची जाते आणि पुढच्या बससाठी वीस मिनिटं थांब्यावर उभं राहावं लागतं. मी हे बरेच महिने सहन केलं. दोष ‘बस वेळेवर येत नाहीत’ या एका वाक्यावर टाकून मोकळी होत होते. नीट शोध घेतल्यावर कळलं की उशिरा येणारी बस हे कारण फार थोड्या वेळा असतं.

माझा प्रवास असा. ऑफिसजवळून ४२ नंबर, दर दहा मिनिटांनी एक. ॲपच्या हिशोबाने ती ६:०५ ला सुटते आणि ६:२७ ला चौकात येते. तिथून ११५ नंबर, दर वीस मिनिटांनी एक, ६:३३ ला. कागदावर सगळं बरोबर.

आधी नोंद, मग उपाय

मी दहा संध्याकाळी फोनमध्ये तीनच वेळा लिहून ठेवल्या: ४२ मधून पाय खाली ठेवला ती वेळ, ११५ च्या थांब्यावर पोचले ती वेळ आणि ११५ खरोखर आली ती वेळ. शिवाय ४२ मधून उतरताना ॲप ११५ बद्दल काय म्हणत होतं, तेही. एवढं पुरतं, कारण बस चुकण्याची चार कारणं या नोंदीत वेगवेगळी दिसतात. पहिली बसच उशिरा आली, तर पहिली वेळ सरकलेली असते. चालण्यात वेळ गेला, तर पहिल्या दोन वेळांमधलं अंतर जास्त असतं. दुसरी बस भलत्याच थांब्यावरून गेली, तर आपण वेळेवर हजर असतो आणि ती आपल्याला लांबून दिसते. आणि दुसरी बस आलीच नाही, तर ॲपमधली तिची ओळ गायब होते, पण रस्त्यावर काहीच येत नाही.

दहापैकी पाच दिवस माझी बस चुकली. त्यात ४२ उशिरा आल्यामुळे चुकली ती फक्त एकदा. दोनदा मी चुकीच्या ठिकाणी उभी होते आणि दोनदा ॲपमध्ये दिसणारी बस मुळात निघालीच नव्हती. याशिवाय रोजच एक गोष्ट घडत होती, बस मिळाली त्या दिवशीही: चालायला ॲप दोन मिनिटं धरत होतं आणि मला साडेतीन लागत होती, कारण मध्ये दोन सिग्नल आहेत. चालण्याची वेळ बहुतेक ॲप अंतरावरून काढतात, सिग्नलला थांबण्याचा हिशोब त्यात सहसा नसतो. म्हणजे माझ्या हातात सहा नाही, जेमतेम अडीच मिनिटं होती.

तुमची नोंद वेगळी निघेल. पण ती केल्याशिवाय पुढचे उपाय करू नका, कारण चुकीच्या कारणावरचा उपाय तुम्हाला रोज दहा मिनिटं लवकर निघायला लावेल आणि बस तरीही चुकेल.

नंबर बरोबर, थांबा चुकीचा

चुकीच्या ठिकाणी उभी राहण्याचं मूळ बसच्या नंबरात होतं. आपण नंबर म्हणजे एक रस्ता असं धरून चालतो. खरं तर नंबर हे एका कुटुंबाचं नाव असतं. ११५ आणि ११५अ हे भाऊ असतात: बराचसा रस्ता एकच, मग एक जण पुढे जातो आणि दुसरा वळतो. त्याच नंबराच्या काही फेऱ्या अर्ध्या रस्त्यातूनच परत फिरतात. काही गाड्या मर्यादित थांबे घेतात आणि तुमच्या थांब्यावरून न थांबता जातात. गोलाकार मार्ग असेल, तर एकाच नंबराच्या दोन बस उलट दिशांनी जातात आणि दोन्हींच्या पाटीवर एकच नाव असू शकतं.

काही शहरांनी नंबरातच अर्थ भरलेला आहे. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये २००४ साली बससेवेची फेररचना झाली, तेव्हा शहराचे विभाग करून त्यांना आकडे दिले. निळ्या मुख्य बसच्या तीन आकडी नंबरात पहिला आकडा सुटण्याच्या विभागाचा, दुसरा पोचण्याच्या विभागाचा आणि तिसरा नुसता क्रमाचा. तिथे नंबर पाहून बस साधारण कुठून कुठे जाते ते कळतं. न्यूयॉर्कमध्ये नंबराआधीचं अक्षर शहराचा भाग सांगतं, ‘एम’ म्हणजे मॅनहॅटन. पण कित्येक शहरांत नंबर ज्या क्रमाने मार्ग सुरू झाले त्या क्रमाने पडलेले असतात. तिथे ११४ आणि ११५ शेजारी असतील असं समजू नका. आपल्या शहराची पद्धत एकदा पाहून घ्या आणि त्यात काही अर्थ नसेल, तर नंबरात अर्थ शोधणं सोडून द्या. रस्त्यावर उभं असताना भरवसा समोरच्या पाटीवरच्या शेवटच्या थांब्याच्या नावावर ठेवायचा. नंबर आणि शेवटचा थांबा ही जोडी जुळली, तरच ती आपली बस.

आता माझ्या चौकाकडे. त्या चौकाच्या नावाचे चार थांबे आहेत, प्रत्येक रस्त्यावर एक, आणि चौघांच्या खांबांवर नाव एकच. ११५अ चौक ओलांडण्याआधी थांबते. ११५ डावीकडे वळून पुढच्या खांबाशी थांबते. मी ॲपमध्ये थांब्याचं नाव शोधायचे, तेव्हा ते चारही थांब्यांवर येणाऱ्या बस एकाच यादीत दाखवायचं. कारण ॲपच्या माहितीत हे चार थांबे एका मोठ्या थांब्याची मुलं म्हणून नोंदलेले असतात. यादीत ११५ पाहिली की मी सगळ्यात जवळच्या खांबाशी उभी राहायचे. बस माझ्यासमोरून वळायची आणि साठ-सत्तर पावलांवर जाऊन थांबायची. धावून ती मिळत नाही, हे मी दोनदा पाहिलं.

याचा उपाय घरी बसून दोन मिनिटांत होतो. ॲपच्या नकाशावर चौक मोठा करा, एकेका खांबावर टिचकी मारा आणि तिथून कोणत्या बस कोणत्या दिशेला जातात ते वाचा. हवा तो खांब नेमका सापडला की तोच ‘आवडता’ म्हणून ठेवा, नुसतं थांब्याचं नाव नाही. काही शहरांत खांबावर त्याचा स्वतःचा क्रमांक किंवा अक्षर लिहिलेलं असतं, आणि ॲपमध्येही तेच दिसतं. तो क्रमांक लक्षात राहिला की नाव एकच असण्याची अडचण संपते.

दिसलेली बस आलीच नाही

हा दोष ओळखायला सगळ्यात अवघड, म्हणून यावर जरा थांबते.

ॲप आपल्याला एकच आकडा दाखवतं, ‘५ मिनिटं’. पण त्यामागे दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे छापील वेळापत्रक. दुसरी म्हणजे बसवरच्या जीपीएस यंत्राने पाठवलेली जागा आणि त्यावरून काढलेला अंदाज. वेळापत्रकाच्या फायली सगळ्यांना वाचता येतील अशा एका साच्यात ठेवण्याचं काम २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराची ट्रायमेट ही वाहतूक संस्था आणि गूगल यांनी सुरू केलं. त्याला आज जीटीएफएस म्हणतात. बस आत्ता कुठे आहे हे कळवणारा जोडसाचा २०११ मध्ये आला. आजही या दोन वेगवेगळ्या वाहिन्या आहेत. ॲप त्या जुळवतं आणि एखाद्या फेरीची लाईव्ह माहिती मिळाली नाही, तर बहुतेक ॲप गुपचूप वेळापत्रकाची वेळ दाखवतात. फेरी रद्द झाली आणि कोणी ते वाहिनीत कळवलं नाही, तर न निघालेली बसही ‘५ मिनिटं, ४ मिनिटं’ करत येताना दिसते.

ओळखायचं कसं? वेळेशेजारचं चिन्ह पाहा. अनेक ॲपमध्ये लाईव्ह वेळेजवळ लहरींसारखी छोटी खूण किंवा वेगळा रंग असतो, आणि वेळापत्रकाची वेळ साध्या काळ्या-करड्या अक्षरात. पण माझा जास्त विश्वास दुसऱ्या खुणेवर आहे. आकड्याकडे तीन-चार मिनिटं लक्ष ठेवा. खऱ्या बसचा आकडा कधी एकसारखा उतरत नाही. सिग्नलला बस अडली की ‘४’ दोन मिनिटं ‘४’च राहतो, मग एकदम ‘२’ होतो, कधी ‘४’ चा ‘५’ही होतो. वेळापत्रकाचा आकडा मात्र भिंतीवरच्या घड्याळाबरोबर ठरल्याप्रमाणे उतरतो: पाच, चार, तीन, दोन, एक, ‘आली’, आणि ओळ नाहीशी. इतका शिस्तीत उतरणारा आकडा दिसला की मी समजून जाते की या बसला अजून कोणी पाहिलेलं नाही.

तिसरी खूण नकाशावर. फेरीवर टिचकी मारल्यावर बसचं चित्र रस्त्यावर दिसतं का, आणि ती जागा किती वेळापूर्वीची आहे? चांगल्या व्यवस्थेत बसची जागा ९० सेकंदांपेक्षा जुनी असू नये, असं त्या लाईव्ह साच्याच्या मार्गदर्शनातच लिहिलेलं आहे. ‘६ मिनिटांपूर्वी’ असं दिसलं, तर ती बस तेवढ्यात पाच थांबे पुढे गेलेली असू शकते.

माझ्या दोन्ही वेळच्या चुकण्यात आणखी एक गोष्ट होती, आणि ती मला एका निवृत्त वाहकाने थांब्यावर समजावली. ते म्हणाले, “ताई, तुमचा चौक ११५ च्या सुरुवातीपासून तिसरा थांबा. गाडी सुटायच्या आधीच तुम्ही तिची वाट बघताय.” बरोबर आहे. ४२ मधून मी ६:२० ला ॲप उघडायचे, तेव्हा ६:३३ ची ११५ अजून तिच्या सुरुवातीच्या थांब्यावर उभी असायची, किंवा आधीच्या फेरीवरून परतच आलेली नसायची. उभ्या असलेल्या बसबद्दल ॲप एकच गोष्ट गृहीत धरू शकतं: ती वेळेवर निघेल. मागची फेरी वाहतुकीत अडकली, चालक बदलायचा राहिला, तर ते ॲपला आधी कळत नाही. म्हणून मार्गाच्या सुरुवातीच्या चार-पाच थांब्यांवरचे अंदाज सगळ्यात कच्चे असतात. बस रस्त्याला लागली की अंदाज सुधारतो.

उलटंही घडतं, हे लक्षात असू द्या. बसवरचं यंत्र बंद असेल किंवा फेरीचा क्रमांक चुकीचा टाकलेला असेल, तर ॲपमध्ये नसलेली बस अचानक समोर येते. ‘ॲपमध्ये काही नाही’ म्हणून पाच मिनिटं थांब्यावरून हलणाऱ्यांचं यात नुकसान होतं. वीस मिनिटांच्या अंतराची बस असेल, तर वेळापत्रकातली वेळ उलटून जाईपर्यंत तरी जागेवर राहावं.

बस बदलायची जागा बदलली

ही कारणं कळल्यावर मला वाटलं की ऑफिसमधून दहा मिनिटं लवकर निघणं एवढाच मार्ग उरला. तो चालला असता, पण रोज दहा मिनिटं गेली असती. मग मी दोन्ही मार्ग नकाशावर एकावर एक ठेवून पाहिले. चौकानंतर ४२ आणि ११५ दोन थांबे एकाच रस्त्याने जातात. ॲपने मला चौकात उतरवलं होतं ते एवढ्यासाठीच की दोन्ही मार्ग तिथे पहिल्यांदा भेटतात. त्याच्या हिशोबाने बदल कुठेही केला तरी घरी पोचायची वेळ सारखीच येत होती, आणि त्या हिशोबात ते चूकही नव्हतं.

पण हिशोब करून बघा. मी चौकात न उतरता ४२ मध्येच बसून राहिले, तर दोन थांबे पुढे ६:३१ ला पोचते. चौकातून ६:३३ ला निघालेली ११५ तिथे ६:३७ ला येते. मधला वेळ तोच, सहा मिनिटं. फरक इतकाच की तिथे दोन्ही बस एकाच खांबाशी थांबतात. सिग्नल नाही, चालणं नाही, चुकीच्या खांबाची भीती नाही. चौकात सहामधून साडेतीन मिनिटं चालण्यात जात होती, इथे सहाच्या सहा माझ्याकडे राहतात. घरी पोचायची वेळ एका मिनिटानेही बदलत नाही.

आणखी एक फायदा मिळाला, जो ॲपने मला कधीच सुचवला नव्हता. त्या थांब्यावरून २०८ नंबरही जाते, दर पंधरा मिनिटांनी. ती माझ्या घराच्या एक थांबा अलीकडून वळते, तिथून पाच मिनिटं चालावं लागतं. ११५ चुकली किंवा आलीच नाही, तर आता वीस मिनिटं उभं राहायची गरज पडत नाही, २०८ मध्ये चढायचं. ॲप सहसा वेळेने सगळ्यात चांगला दिसणारा प्रवास वर दाखवतं. एक बस हुकली तर मागे दुसरी कोणती आहे, हे त्या एका ओळीत दिसत नाही. ते आपणच पाहायचं: बदलाच्या थांब्यावर टिचकी मारून तिथून आपल्या भागाकडे जाणारे सगळे नंबर वाचायचे.

तुमच्या दोन मार्गांचा असा सामाईक टप्पा असेल, तर त्यातला कोणता थांबा निवडायचा याचा माझा क्रम असा आहे. आधी एकाच खांबाशी दोन्ही बस थांबतात असा थांबा. तसे अनेक असतील, तर दुसऱ्या बसच्या सुरुवातीपासून जास्तीत जास्त दूरचा, कारण तिथला अंदाज खरा. त्यातही जिथे पर्यायी नंबर मिळतो तो. सामाईक टप्पाच नसेल, तर मात्र चालणं टळत नाही. मग ते अंतर एकदा स्वतः चालून, सिग्नलसकट मोजा आणि ॲपमध्ये चालण्याचा वेग ‘हळू’ करून ठेवता येत असेल तर ठेवा. मग जेमतेम वेळात बस बदलायला लावणारे प्रवास ते दाखवणारच नाही.

किती मिनिटं हाताशी ठेवावीत, हे दुसरी बस किती वेळाने येते त्यावर ठरतं. ती दर सहा-सात मिनिटांनी असेल, तर वेळा पाहत बसू नका. एक चुकली तरी नुकसान सहा मिनिटांचंच. ती वीस मिनिटांनी असेल, तर पहिल्या टप्प्यात एक बस आधीची पकडणं परवडतं. माझ्या बाबतीत ४२ दर दहा मिनिटांनी येते, म्हणजे आधीची पकडायला दहा मिनिटं खर्च होतात आणि चुकण्याचे वीस वाचतात. ज्या दिवशी घरी कोणी वाट पाहत असतं, त्या दिवशी मी ते करते. रोज नाही.

दर दहा मिनिटांनी येणाऱ्या बसबद्दलही एक सावधगिरी. गर्दीच्या वेळी मागची बस पुढचीला गाठते आणि दोन एकामागोमाग येतात. मग त्यांच्या मागे वीस मिनिटं काहीच नसतं. सरासरी काढली तर बस दहा मिनिटांनीच येतात, पण थांब्यावर अवचित येणाऱ्या माणसाला पाच नाही, दहा मिनिटं थांबावं लागतं. नकाशावर आपल्या नंबराच्या दोन बस चिकटलेल्या दिसल्या, तर पहिली भरलेली असली तरी दुसरीत चढा. ती बहुधा रिकामी असते. दोन्ही सोडू नका.

रात्रीची शेवटची बस

वरचं सगळं दिवसासाठी. शेवटच्या फेरीला मागची बस नसते, म्हणून तिच्या बाबतीत सहा मिनिटांचा बदल मी मान्यच करत नाही. दुसऱ्या मार्गाची शेवटची फेरी कितीला आहे ते आधी पाहायचं आणि तिच्या आधीच्या फेरीला जुळेल अशी पहिली बस धरायची.

इथे तारखेचा एक सापळा आहे. वेळापत्रकात मध्यरात्रीनंतरची फेरी आदल्या दिवसात मोजतात. शनिवारी रात्री उशिरा, म्हणजे घड्याळात रविवार उजाडल्यावर १:१० ला सुटणारी बस जीटीएफएसच्या फायलीत शनिवारच्या खात्यात अशी लिहिलेली असते:

```
25:10:00
```

बहुतेक ॲप हे बरोबर उलगडतात. पण थांब्यावरच्या छापील तक्त्यात किंवा संकेतस्थळावरच्या वाराप्रमाणे लावलेल्या यादीत तुम्ही ‘रविवार’ उघडला, तर ती बस सापडणार नाही, किंवा रविवारी रात्रीची, कदाचित असलेलीच नाही अशी फेरी सापडेल. मध्यरात्रीनंतर पहाटेपर्यंत प्रवास करायचा असेल, तर आदल्या वाराचा तक्ता पाहा, आणि ॲपमध्ये ‘आत्ता निघायचं’ न ठेवता तारीख आणि वेळ स्वतः टाकून ती फेरी पुन्हा दिसते का ते तपासून घ्या.